गुण आला, पण कशाचा?

*नमस्कार मॅडम,*

*माझ्या आईचे (वय ६३) दोन्ही गुडघे चार वर्षांपासून दुखतात. एक्स-रेमध्ये झीज दिसते, पण ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही असं डॉक्टर म्हणतात. आमच्याकडे तरंगांची एक नवी थेरपी सुरू झालीय. ६ आठवड्यांत १२ सेशन, २४ हजार रुपये. त्यांच्या पत्रकात लिहिलंय की नोंदणीच्या दिवशी ज्यांचं दुखणं १० पैकी ७ किंवा जास्त होतं आणि ज्यांनी सगळी सेशन पूर्ण केली, अशा ४२ जणांची सरासरी ७.६ वरून ४.७ वर आली. पुढे 'पी ०.००१ पेक्षा कमी' असंही आहे. शेजारच्या काकूंना खरंच फरक पडलाय. माझा मेहुणा म्हणतो, सगळा प्लासिबो आहे, पैसे वाया जातील. मी म्हणतो, दुखणं कमी झालं तर कशाने झालं याच्याशी काय करायचंय? आई फेब्रुवारीपासून रोज रात्री कॅलेंडरवर दुखण्याचा आकडा लिहिते, त्याचा फोटो जोडलाय. त्या महिन्यात कुठलाच नवा उपचार नव्हता. काय करावं?*

*— एक वाचक, सांगली*

नमस्कार,

आधी तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पत्रकापेक्षा त्यांचं कॅलेंडर मला जास्त उपयोगी पडलं. एकही दिवस न चुकवता अठ्ठावीस आकडे, आणि जिथे ८ लिहिलंय त्या दोन्ही चौकटींत बारीक अक्षरात कारणही: एकीत 'जिना', दुसरीत 'लग्न'. मी त्यांचा फेब्रुवारी कागदावर उतरवून घेतला. पहिला आठवडा ५, ४, ६, ७, ८, ६, ५. दुसरा ४, ५, ४, ५, ५, ६, ५. तिसरा ७, ८, ७, ५, ४, ५, ६. चौथा ५, ४, ६, ५, ५, ७, ६. महिन्याची सरासरी साडेपाचच्या किंचित वर येते.

आता तुम्ही स्वतः पेन्सिल घ्या आणि ज्या दिवशी ७ किंवा ८ आहे त्या चौकटीला गोल करा. तारखा ४, ५, १५, १६, १७ आणि २७. मग प्रत्येक गोलासाठी बरोबर सात दिवसांनी त्याच वारी काय लिहिलंय ते बघा. २७ तारखेचा पुढचा आठवडा मार्चमध्ये जातो, म्हणून तो सोडून द्या. राहिलेल्या पाच दिवसांचे आकडे ७, ८, ७, ८, ७, सरासरी ७.४. पुढच्या आठवड्यात त्याच वारी ५, ५, ५, ४, ६, सरासरी ५. म्हणजे २.४ ची घट, आणि तीही काहीही न करता. पत्रकातली घट २.९ आहे.

समजा, ५ तारखेला, जिना चढून गुडघा धरलेला असताना, तुम्ही आईंना त्या सेंटरमध्ये नेलं असतंत. नोंदणीच्या कागदावर ८ लिहिलं गेलं असतं. आठवड्याभरात दोन सेशन झाली असती आणि १२ तारखेला आईंनी ५ सांगितलं असतं. घरी येताना तुम्ही दोघंही मनापासून म्हणाला असतात की गुण आला. आणि त्यात तुमची काहीच चूक नसती, कारण दुखणं खरंच कमी झालेलं असतं. फक्त ते थेरपीने कमी झालं नसतं.

हाच हिशेब उलटा करून बघा, म्हणजे हा केवळ 'दुखणं आपोआप बरं होतं' असा प्रकार नाही हे कळेल. आईंनी ४ लिहिलेले, म्हणजे महिन्यातले सगळ्यात बरे दिवस घ्या: २, ८, १० आणि १९ तारीख. (२३ तारखेलाही ४ आहे, पण त्याचा पुढचा आठवडा पुन्हा मार्चमध्ये जातो.) सात दिवसांनंतरचे आकडे ५, ७, ७, ५. सरासरी ४ वरून ६ वर गेली. आईंचे गुडघे महिन्याभरात सुधारले नाहीत की बिघडले नाहीत, ते साडेपाचच्या आसपास वरखाली होत राहिले. वरचं टोक पकडलं की पुढची पायरी खाली, खालचं टोक पकडलं की पुढची पायरी वर. संख्याशास्त्रात याला 'रिग्रेशन टू द मीन' म्हणतात, आपण सरासरीकडे परतणं म्हणू.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पाच गोल दिसत असले तरी त्यात दुखण्याने उचल खाल्ल्याचे प्रसंग दोनच आहेत, एक जिन्याचा आणि एक लग्नाचा. एवढ्याशा आकड्यांवरून २.४ हा आकडा पक्का धरू नका. दिशा कशी असते ते दाखवण्यापुरताच तो घ्या.

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. अशा वेळी ही म्हण हमखास आठवते, पण ती इथे नीट बसत नाही. म्हणीत योगायोग आहे. गुडघेदुखीत योगायोग नाही. माणूस डॉक्टरकडे जातो कधी? दुखणं सहन होईना झालं की. रोजच्या पाचाला कोणी रिक्षा करून सेंटर गाठत नाही, आठ झालं की गाठतो. म्हणजे हा कावळा दर वेळी फांदी तुटायच्या बेतात असतानाच येऊन बसतो. त्यातून पत्रकाने '७ किंवा जास्त' अशी अट घातलीय. ४२ जणांपैकी प्रत्येकाला निवडलंय ते त्याच्या वाईट दिवशी. ज्या आकड्यावरून माणूस निवडला, तोच आकडा 'आधीचा' म्हणून धरला, की पुढचा आकडा कमी येण्याची सोय निवडीतच होऊन जाते. यात कोणाची लबाडी असावीच लागते असं नाही. प्रामाणिक डॉक्टरांच्या हातूनही हे होतं, आणि मी ते फार जवळून पाहिलंय.

मी एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात आकडेमोडीचं काम करायचे, तेव्हाची गोष्ट. कंबरदुखीवरच्या एका नव्या व्यायामपद्धतीची आधी-नंतरची माहिती माझ्याकडे आली. मी जोडीची चाचणी लावली, पी अगदी बारीक आला, मी सही केली, आणि एका परिषदेत ते पोस्टर लागलं. पुढे काही महिन्यांनी नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी सहज सांगितलं की फोनवर नाव घेताना त्या दुखण्याचा आकडा विचारून वहीत लिहून ठेवतात, आणि मग आठदहा दिवसांनी नंबर लागला की पहिल्या दिवशी थेरपिस्ट पुन्हा विचारतात. मी ती वही मागून घेतली. फोनवर सांगितलेला आकडा आणि पहिल्या दिवशी, व्यायामाला सुरुवात व्हायच्याही आधी सांगितलेला आकडा, यांतच बरीचशी घट होऊन गेली होती. आमच्या तक्त्यात 'आधी' म्हणून फोनवरचा आकडा होता. त्या पोस्टरखाली माझंही नाव होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमचं पत्र मी बाजूला ठेवू शकले नाही.

त्या 'पी ०.००१' मुळे तुम्ही दबून जाऊ नका. पी एवढंच सांगतो की घट शून्य असती, तर निव्वळ दैवाने इतका फरक दिसण्याची शक्यता फार कमी होती. म्हणजे घट खरी आहे. पण ती तर आपल्यालाही मान्य आहे. घट कशामुळे, याबद्दल पी तोंड उघडत नाही. वाईट दिवशी निवडलेली ४२ माणसं घ्या, त्यांना सहा आठवडे नुसती घरी बसवा आणि तोच हिशेब करा. पी तिथेही लहान येऊ शकतो, कारण सरासरीकडे परतणं हा दैवाचा खेळ नसून दर वेळी एकाच दिशेने ओढणारी गोष्ट आहे.

मग ४२ जणांच्या बाबतीत ही ओढ किती असेल? आईंच्या कॅलेंडरवर पूर्ण होती, ७.४ थेट ५ वर आलं. गटात ती एवढी नसते, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. एकाच माणसाच्या बाबतीत त्याच्या नेहमीच्या पातळीपासून झालेला चढ तात्पुरताच असतो, तो सगळा उतरतो. गटात मात्र काही माणसं अशी असतात की ज्यांची नेहमीचीच पातळी सात-आठ आहे. ती त्या दिवशी वाईट नव्हती, रोजच तशी असतात, आणि ती तिथेच राहतात. म्हणून गटाची सरासरी अर्ध्या वाटेवर थांबते. वाट किती कापली जाईल हे त्याच माणसांचे दोन वेळचे आकडे एकमेकांशी किती जुळतात यावर ठरतं. ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली ती इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी, १८८६ साली, आणि तीही आजारात नव्हे तर उंचीत. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं. फार उंच आईवडिलांची मुलं उंच निघाली, पण सरासरीपासून आईवडिलांचं जेवढं अंतर होतं त्याच्या दोन-तृतीयांशच. बुटक्यांची मुलंही तशीच सरासरीकडे सरकली. तिथे कोणी कोणावर उपचार केला नव्हता.

आता पत्रकाला हे लावू. समजा, गुडघ्याच्या झिजेचे जे रुग्ण त्या सेंटरच्या आसपास आहेत त्या सगळ्यांची सरासरी साडेपाच आहे, आणि सहा आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे निम्मे जुळतात. दोन्ही आकडे माझा अंदाज आहेत, कारण पत्रकात ते नाहीत. निवडलेल्यांची सरासरी ७.६, म्हणजे साडेपाचपासून २.१ वर. त्यातलं निम्मं उतरेल, म्हणजे एक अंक. ६.५ पर्यंतचा उतार निवडीच्या अटीनेच झाला. २.९ पैकी साधारण एक अंक गेला, दोन राहिले.

आता तुमच्या मेहुण्यांकडे येते. 'सगळा प्लासिबो' हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण आत्ताच येऊन गेलं. आईंच्या कॅलेंडरवर ५ तारखेचे ८ जाऊन १२ तारखेला ५ झाले, त्यात प्लासिबो कुठे होता? गोळी नव्हती, मशीन नव्हतं, आशा लावणारं कोणी नव्हतं. सरासरीकडे परतणं आकड्यांच्या निवडीत घडतं, माणसाच्या आत काही घडावं लागत नाही. प्लासिबो मात्र माणसाच्या आत घडतो. उपचार मिळतोय ही जाणीव, पांढऱ्या कोटातल्या माणसाने गुडघ्याला लावलेला हात, 'आता बरं वाटेल' हे शब्द, यांमुळे दुखणं कमी जाणवतं. त्यात सोंग नसतं. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. प्लासिबोने ज्यांना आराम पडला होता त्यांना नालोक्सोन दिल्यावर दुखणं पुन्हा वाढलं. नालोक्सोन हे औषध शरीरातल्या अफूसारख्या वेदनाशामक रसायनांना अडवतं. म्हणजे तो आराम शरीर स्वतः तयार करत होतं. म्हणून 'मनाचे खेळ' म्हणून त्याला उडवून लावू नये.

पण दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत घातल्या की घोटाळा होतो, आणि त्या वेगळ्या करायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. नुसता खोटा उपचार घेतलेला गट पुरत नाही, काहीच न घेतलेला गटही शेजारी लागतो. बॉस्टनमध्ये २०११ साली दम्याच्या रुग्णांवर हे फार सुंदर केलं गेलं. ३९ रुग्ण. प्रत्येकाला वेगवेगळ्या भेटींत चारही गोष्टी आळीपाळीने मिळाल्या: साल्ब्युटामॉलचा खरा पंप, औषध नसलेला पंप, खोटं ॲक्युपंक्चर, आणि एका भेटीत काहीच नाही, नुसतं बसून राहायचं. प्रत्येक वेळी दोन मोजमापं घेतली. एक फुंकर मारून यंत्रावर, आणि दुसरं रुग्णाला विचारून. यंत्रावर खऱ्या औषधाने श्वासाची ताकद २० टक्क्यांनी वाढली, बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्के. नीट बघा, काहीच न करता बसलेल्यांतही ७ टक्के. मग रुग्णांना विचारलं, किती बरं वाटलं? खऱ्या औषधाने ५० टक्के, रिकाम्या पंपाने ४५, खोट्या ॲक्युपंक्चरने ४६, आणि नुसतं बसून २१.

हे चार आकडे म्हणजे तुमच्या प्रश्नाचा नकाशाच आहे. नुसतं बसून २१ आलं, तो सरासरीकडे परतण्याचा आणि आजाराच्या नेहमीच्या चढउताराचा वाटा. रिकाम्या पंपाने ४५, म्हणजे त्यावरचे २४ हा प्लासिबोचा वाटा, आणि त्यात विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून केलेला थोडा संकोचही आला. आपल्याकडे तर तो जास्तच असतो. ज्या मुलीने सहा आठवडे प्रेमाने गुडघे शेकले, तिनेच समोर बसून 'काकू, आता किती?' असं विचारलं तर आठ म्हणायला जीभ रेटत नाही. आणि खऱ्या औषधाचा जादा वाटा विचारण्यात ५ टक्केच दिसला, पण यंत्रावर तो स्पष्ट होता. ज्या आजारात नुसतं विचारूनच मोजायचं असतं, आणि गुडघेदुखी तसाच आजार आहे, तिथे तुलनेचा गट नसेल तर आपण जवळजवळ आंधळे असतो.

प्लासिबोचा वाटा दुखण्यात साधारण किती, याचाही अंदाज आहे. डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी २००१ साली असे ११४ अभ्यास एकत्र केले की ज्यांत प्लासिबोचा गट आणि काहीच न दिलेला गट दोन्ही होते. दुखण्याच्या बाबतीत फरक शंभराच्या पट्टीवर साडेसहा निघाला. दहाच्या पट्टीवर तो पाऊण अंकही भरत नाही. थेरपी किती भव्य आहे त्यावर तो कमीजास्त होतो, महागडं मशीन साखरेच्या गोळीपेक्षा जास्त आशा लावत असेल हे मला मान्य आहे. तरी मेहुण्यांना एवढं सांगा की लोक ज्याला प्लासिबो म्हणतात त्यातला मोठा हिस्सा प्लासिबो नसतोच, तो ७ च्या अटीतून आलेला असतो.

मग पत्रकातल्या २.९ मधून एक अंक निवडीचा, पाऊण अंक प्लासिबोचा वजा केला तर एक अंकाच्या थोडं वर उरतं. तो थेरपीचा असेल? असू शकेल. पण त्याच काळात त्या ४२ जणांनी आणखी काय केलं हेही विचारावं लागेल. कुणी मलम लावत होतं, कुणी गोळ्या घेत होतं, सेंटरमध्येच मांडीचे व्यायाम शिकवले असतील. आणि 'सगळी सेशन पूर्ण केलेले' या चार शब्दांत बरंच दडलेलं असतं. ज्यांना काहीच फरक वाटला नाही ती माणसं चौथ्या-पाचव्या सेशनला यायची थांबतात, आणि सरासरीतून गळून जातात. सुरुवात किती जणांनी केली होती, ६० की ४५, हे कळल्याशिवाय ४.७ चा अर्थच लागत नाही. माझं मत स्पष्ट सांगायचं तर थेरपी निरुपयोगी आहे असं पत्रकावरून ठरत नाही, आणि उपयोगी आहे असंही ठरत नाही. २४ हजार मागण्याइतका पुरावा मात्र त्यात नाही.

गुडघ्याच्याच बाबतीत याहून भक्कम दिसणारी गोष्ट कशी कोसळली ते ऐका. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला भाग धुण्याचं आणि खरवडण्याचं ऑपरेशन एके काळी सर्रास होत असे, आणि रुग्ण सांगत की बरं वाटतं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात १८० जणांना चिठ्ठी टाकून तीन गटांत वाटलं. एकाचा गुडघा खरवडला, एकाचा नुसता धुतला, आणि तिसऱ्याच्या कातडीवर फक्त छोट्या चिरा दिल्या. त्या तिसऱ्या गटातही सर्जन हत्यारं मागत राहिले, गुडघा हलवला, धुण्याचा आवाज यावा म्हणून पाणी उडवलं, आणि रुग्णाला रात्रभर रुग्णालयात ठेवलं. रुग्णांनी आधी लेखी कबूल केलं होतं की आपल्याला कदाचित खोटंच ऑपरेशन मिळेल. २००२ साली निकाल छापून आला. दोन वर्षांनंतर शंभराच्या पट्टीवर दुखणं खरवडलेल्यांचं ५१.४, धुतलेल्यांचं ५३.७, आणि नुसत्या चिरा दिलेल्यांचं ५१.६. म्हणजे इतकी वर्षं जो गुण ऑपरेशनचा म्हणून मोजला जात होता, तो चिरांपुरत्या ऑपरेशनलाही तेवढाच येत होता. त्या अभ्यासात काहीच न केलेला गट नव्हता, म्हणून त्या गुणात प्लासिबो किती आणि परतणं किती हे त्यातून सांगता येत नाही. ऑपरेशनचा वाटा मात्र दिसला नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: दुखणं कमी झालं ना, मग कशाने याच्याशी काय करायचंय? शेजारच्या काकूंच्या बाबतीत मी हे विचारणारही नाही. त्यांचे पैसे गेले, त्यांना बरं वाटतंय, आनंद आहे. आईंच्या बाबतीत पैसे अजून तुमच्या हातात आहेत म्हणून विचारते. जो वाटा सरासरीकडे परतण्याचा आहे तो त्यांना फुकट मिळणारच आहे, फेब्रुवारीत दोनदा मिळालाही. प्लासिबोचा वाटा कुठल्याही मायेने केलेल्या उपचारासोबत येतो, त्यासाठी हेच मशीन हवं असं नाही. पैसे मोजायचे ते या दोन्हींच्या वर जे उरतं त्यासाठी. आणि दुसरं म्हणजे, मशीनने गुण आला अशी खात्री पटली की पुढच्या उचलीला पुन्हा १२ सेशन होतात, मग पुन्हा, आणि दर वेळी गुण 'येतो', कारण दर वेळी तुम्ही आठलाच जाता.

त्याऐवजी चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आईंना शिकवून घ्या. झिजेच्या गुडघ्यासाठी व्यायामाचा उपयोग तुलनेचे गट ठेवून तपासलेला आहे. तो फार मोठा नाही, पण खरा आहे, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचाही आहे. उचलीच्या दिवशी वेदनाशामक मलम चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवू नका, या वयात पोट, किडनी आणि बीपी सांभाळावं लागतं. गुडघा गरम होऊन सुजला, ताप आला किंवा मध्येच अडकून बसला, तर कॅलेंडर बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

तरीही आईंना थेरपी करून बघायचीच असेल तर त्यांचं मन मोडू नका, पण पद्धतशीर करा. आधी सेंटरला जाऊन तीन गोष्टी विचारा: सुरुवात किती जणांनी केली होती, नोंदणी आणि पहिलं सेशन यांच्या मध्ये दुखणं पुन्हा मोजलं होतं का, आणि बंद मशीन लावलेल्या गटाशी कुठे तुलना झालीय का. उत्तर मिळालं नाही तर तेही उत्तरच समजा. पैसे एकदम भरू नका, दोन-दोन सेशनचे भरता येतात का बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सुरुवातीची तारीख आत्ताच ठरवा, दोन महिन्यांनंतरची एखादी, आणि त्या दिवशी दुखणं ४ असो की ८, त्याच दिवशी सुरू करा. उचल खाल्लीय म्हणून नेऊ नका. एवढ्या एका गोष्टीने निवडीची सगळी खोट निघून जाते.

तुलना करताना एका दिवसाची एका दिवसाशी करायची नाही. थेरपीआधीचे पूर्ण अठ्ठावीस दिवस आणि शेवटच्या सेशननंतरचे पूर्ण अठ्ठावीस दिवस, दोन्हींच्या सरासरी काढा. मधले सहा आठवडे हिशेबात घेऊ नका. व्यायाम त्याच आठवड्यात नव्याने सुरू करू नका, नाहीतर गुण कोणाचा हे पुन्हा कळणार नाही. आधी व्यायाम, त्याचा अंदाज आला की मग थेरपी. जमलं तर दर रविवारी सकाळी आईंना हात न टेकता खुर्चीतून उठायला-बसायला सांगा आणि ३० सेकंदांत किती वेळा जमलं ते त्याच चौकटीच्या कोपऱ्यात लिहा. आकडा सवयीने थोडा वाढतोच, पण सांगितलेल्या दुखण्यापेक्षा तो संकोचाला कमी बळी पडतो. साडेपाचची सरासरी पाचवर आली तर मी तरी २४ हजारांचा गुण म्हणणार नाही, एवढा फरक दोन महिन्यांत सहज पडतो. साडेतीनवर आली आणि पुढचे दोन महिने तिथेच राहिली, तर मला जरूर कळवा. त्यातही प्लासिबो किती हे एका माणसावरून वेगळं काढता येणार नाही, पण निदान वाईट दिवसाच्या निवडीने ते झालं नाही एवढं तरी आपल्याला माहीत असेल.

आणि आईंना सांगा, मार्चचं पानही असंच भरा. २७ फेब्रुवारीला त्यांनी ७ लिहिलंय. त्याच्या सात दिवसांनंतर, ६ मार्चच्या चौकटीत काय लिहिलं होतं, ते मला वाचायचंय.